पहिलं सिझर झालंय, आता नॉर्मल की पुन्हा सिझर?

केज तालुक्यातली एक सून धरू. पहिलं बाळ पायाळू होतं म्हणून सिझर झालं, त्याला तीन वर्षं झाली. आता पुन्हा दिवस भरत आलेत, बाळाचं डोकं खाली आहे. घरातल्या बायका म्हणतात, "एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच." हा गैरसमज फार पक्का बसलाय. पहिल्या सिझरचं कारण या वेळी नसेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या चारपैकी साधारण तिघींचं नॉर्मल होतं.

अडतं ते गर्भपिशवीच्या जुन्या टाक्यांपाशी. कळांमध्ये ती जागा उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो. कमीच, पण उसवली तर हातात काही मिनिटंच असतात. बाळ दगावू शकतं, कधी पिशवीच काढावी लागते. म्हणून पहिला प्रश्न: आतला छेद कसा होता? पोटावरचा आडवा व्रण पाहून ते कळत नाही, पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड पेटीतून शोधून न्या. पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद असेल तर नॉर्मलचा विचार होतो, वरपर्यंत उभा असेल तर सिझरच.

दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. रात्री दोन वाजता कळा आल्या तर भूलतज्ज्ञ आणि रक्त इथं मिळेल का? "बीडहून बोलावू" असं उत्तर आलं तर त्या दवाखान्यात नॉर्मलचा हट्ट नको. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी आधीच नाव घालावं. सरकारी दवाखान्यात सिझरही मोफत होतं. कळा आणायचं औषध द्यावं लागेल का, हेही विचारा, कारण त्यानं उसवण्याचा धोका वाढतो.

ठरवून सिझर केलं तर ही भीती जवळपास जाते. मात्र प्रत्येक सिझरगणिक पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतून बसण्याची आणि भयंकर रक्तस्रावाची शक्यता वाढते. तिसरं मूल हवं असेल तर हे आत्ताच डॉक्टरांना सांगा. मुहूर्तासाठी तारीख अलीकडे ओढू नका. विशेष कारण नसताना 39 आठवड्यांआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त.

सिझर बिनत्रासाचं, हेही खरं नाही. दुखणं नंतर येतं, आणि घरी मोठं लेकरू कडेवर यायला बघत असतं. पाठीतल्या इंजेक्शननं जन्माची कंबर धरते हा मात्र निव्वळ बोलबाला. नॉर्मलमध्येही खाली टाके पडू शकतात, खोकताना लघवी सुटू शकते. ते कुणी आधी सांगत नाही.

नॉर्मल ठरलं तर कळा सुरू होताच दवाखाना गाठा. दोन कळांच्या मधेही पोट दुखायचं थांबेना, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सासरे शेतातून यायची वाट न बघता 108 ला फोन लावा.