थकलेल्या बिलावरचं व्याज : महिन्यावर लावावं की दिवसांवर?

बिलाखाली ‘उशीर झाल्यास व्याज आकारले जाईल’ एवढंच छापून भागत नाही. व्याज कसं मोजणार, हे बिल देण्याआधीच ठरवावं लागतं. आपल्याकडे दोन पद्धती जास्त चालतात. एकीत शेकडा दीड रुपया दरमहा, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरायचा. दुसरीत द.सा.द.शे. 18 दराने सरळव्याज, जेवढे दिवस उशीर तेवढ्याच दिवसांचं. वर्षाचा दर दोन्हीकडे सारखाच, तरी आकडे वेगळे येतात.

समजा, बिल 1,46,000 रुपयांचं आहे आणि मुदत 15 मार्च 2025 ला संपली. पैसे 16 एप्रिलला जमा झाले. मार्चचे 16 आणि एप्रिलचे 16, असे उशिराचे 32 दिवस. 1,46,000 चे 18 टक्के म्हणजे वर्षाला 26,280; त्याला 365 ने भागलं की दिवसाला बरोबर 72 रुपये. 32 दिवसांचे 2,304 झाले. महिन्याच्या हिशेबात मात्र दुसरा महिना लागला, म्हणून 2,190 च्या दुप्पट, 4,380 रुपये. एका दिवसासाठी 2,190 रुपये जादा मागितले की गिऱ्हाईक भांडणारच, आणि त्याचं चुकतही नाही. शिवाय महिना एकदा लागला की 15 मेपर्यंत पैसे देण्याची त्याला घाई उरत नाही. दिवसाच्या हिशेबात ‘आज दिलेत तर 72 रुपये वाचतील’ असं फोनवर सरळ सांगता येतं. अर्धी रक्कम आधी आली, तर उरलेल्या 73,000 वर दिवसाला 36 रुपये. वही-पेनावरच हिशेब ठेवायचा असेल तर महिन्याची पद्धत सोपी, एवढंच तिच्या बाजूने म्हणता येईल. मी दिवसांचीच पद्धत निवडेन.

यात चूक होते ती दिवस मोजताना. मुदतीचा दिवसही धरला की 32 चे 33 होतात. एक्सेलमध्ये तारखांची वजाबाकी करावी (B2 रक्कम, C2 मुदत, D2 जमा तारीख):

```
=ROUND(B2*18%/365*MAX(0,D2-C2),2)
```

उत्तर भलतंच आलं किंवा #VALUE! दिसलं, तर एक्सेलने एखादी तारीख महिना-दिवस उलटी वाचलीय का किंवा नुसता मजकूर धरलीय का, ते आधी पाहा.

उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक वा सेवा देणारा असाल, तर मात्र ही निवड तुमच्यापुरती दुय्यम आहे. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. करारात काहीही लिहिलं असलं तरी. करारातली मुदतही 45 दिवसांपलीकडे ताणता येत नाही.

बाकीच्यांनी बिलावर असं छापावं : ‘मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून रक्कम खात्यात जमा होईल त्या दिवसापर्यंत, प्रत्यक्ष दिवसांसाठी, द.सा.द.शे. 18 दराने सरळव्याज. वर्ष 365 दिवसांचे.’ मिळालेल्या व्याजावर मूळ मालाच्या दरानेच जीएसटी लागतो, तेव्हा मागणी करताना तो धरूनच करा.