रेगेक्सपासून थेट डीएफए: डेरिव्हेटिव्हचा मार्ग की थॉम्पसनचा?

स्वतःचा लेक्सर किंवा छोटं रेगेक्स इंजिन लिहायला बसलात की पहिला निर्णय हाच असतो. पाठ्यपुस्तकातली रुळलेली वाट केन थॉम्पसनची, १९६८ सालची: रेगेक्सचा आधी एनएफए बनवा, मग सबसेट कन्स्ट्रक्शनने त्याचा डीएफए करा. दुसरी वाट तिच्याहूनही जुनी आहे. यानुश ब्झोझोव्स्की यांनी १९६४ मध्ये ती मांडली. तिच्यात वाटेत एनएफए येतच नाही, रेगेक्स स्वतःच डीएफएची स्टेट असते.

माझं मत आधीच सांगतो. तुमच्या पॅटर्नमध्ये ‘नाही’ आणि ‘आणि’, म्हणजे पूरक आणि छेद हवे असतील, तर डेरिव्हेटिव्ह घ्या. कंसांत पकडलेले तुकडे हवे असतील, तर थॉम्पसनकडे जा. या दोन्हींपैकी काहीच नको असेल, तर निर्णय बराचसा कोणत्या भाषेत कोड लिहिताय यावर येतो. पॅटर्न मॅचिंग असलेल्या भाषेत डेरिव्हेटिव्हचा गाभा एका पानात बसतो.

कल्पना साधी आहे. `r` चं `a` या चिन्हाने घेतलेलं डेरिव्हेटिव्ह म्हणजे `a` ने सुरू होणाऱ्या स्ट्रिंग्जमधला तो पहिला `a` काढल्यावर जे उरतं, त्याचा रेगेक्स. सोबत एकच प्रश्न विचारायचा असतो: या रेगेक्सला रिकामी स्ट्रिंग, म्हणजे `ε`, चालते का? चालत असेल तर ती स्टेट स्वीकारणारी. महत्त्वाचे नियम एवढेच:

```
D_a(r s) = D_a(r) s            r ला ε चालत नसेल तर
D_a(r s) = D_a(r) s | D_a(s)   चालत असेल तर
D_a(r*)  = D_a(r) r*
D_a(¬r)  = ¬D_a(r)
```

शेवटच्या ओळीतच, म्हणजे `¬` या ‘नाही’च्या नियमात, खरी गंमत आहे. सी भाषेतली `/*` ते `*/` ही कॉमेंट ओळखायची आहे असं धरा. आपल्याला म्हणायचं असतं, ‘मध्ये कुठेही `*/` नसलेला मजकूर आणि मग `*/`’. ‘नाही’ शिवाय हे लिहायचं तर हे असं होतं:

```
/\*([^*]|\*+[^*/])*\*+/
```

हे बरोबर आहे, पण वाचून पटवून घ्यायला वेळ लागतो आणि एखादा `+` सुटला तर `**/` ने संपणारी कॉमेंट निसटते. डेरिव्हेटिव्हमध्ये म्हणायचं तेच लिहायचं. `Σ*` म्हणजे कोणताही मजकूर, आणि `S` म्हणजे कुठेतरी `*/` असलेला मजकूर. सुरुवातीचे `/` आणि `*` वाचून झाल्यावर जे उरतं त्याला `C` म्हणू:

```
S  = Σ* '*' '/' Σ*
C  = ¬S '*' '/'
C1 = ¬(S | '/' Σ*) '*' '/'  |  '/'
```

`C` वर तारा आणि स्लॅश सोडून दुसरं काहीही आलं, तर `S` चं डेरिव्हेटिव्ह पुन्हा `S` च येतं, म्हणून आपण `C` मध्येच राहतो. स्लॅश आला तरी तसंच. तारा आला की `S` चं होतं `S | '/' Σ*`. शिवाय `¬S` ला रिकामी स्ट्रिंग चालते, म्हणून पुढच्या `'*' '/'` मधला ताराही खर्ची पडू शकतो आणि नुसता `/` उरतो. हे दोन्ही जोडले की `C1` मिळतो.

`C1` वर आणखी एक तारा आला तर सरळरूप देऊन पुन्हा `C1` च येतो, म्हणजे `***` चा प्रश्न आपोआप सुटला. दुसरं अक्षर आलं तर `C`. स्लॅश आला तर आतल्या कंसात `S | Σ*` होतं, म्हणजे `Σ*`. त्याचं पूरक रिकामा संच, त्यामुळे तो अख्खा हिस्सा गळून पडतो आणि `ε` उरतो. कॉमेंट संपली. सुरुवातीच्या दोन स्टेट, `C`, `C1`, `ε` आणि मृत स्टेट मिळून सहा झाल्या.

हेच थॉम्पसनच्या वाटेने करायचं तर `S` चा एनएफए बांधा, त्याचा डीएफए करा, सुटलेल्या बाणांसाठी मृत स्टेट घाला, स्वीकारणाऱ्या आणि न स्वीकारणाऱ्या स्टेट उलटवा, मग तो डीएफए पुन्हा मोठ्या एनएफएत बसवून सगळ्यावर सबसेट कन्स्ट्रक्शन चालवा. होतं, पण ‘नाही’ एकात एक आले की प्रत्येक पातळीवर हाच फेरा.

आता डेरिव्हेटिव्हची दुखरी नस. दोन रेगेक्स ‘एकच स्टेट’ कधी मानायचे? भाषा समान आहे का, हे दरवेळी तपासणं महागडं. म्हणून आपण फक्त रूप जुळतं का ते पाहतो, आणि इथेच पहिल्यांदा लिहिणारे अडकतात. `(a*)*` घ्या. `a` ने पहिलं डेरिव्हेटिव्ह येतं `a*(a*)*`. त्याला `X` म्हणा. `X` चं डेरिव्हेटिव्ह `X | X`. त्याचं पुढचं `(X | X) | (X | X)`. दर पायरीला आकार दुप्पट, आणि प्रत्येक रूप नवी स्टेट म्हणून नोंदलं जातं. प्रोग्राम थांबत नाही, मेमरी चढत जाते. नव्या स्टेट छापून पाहिल्या की एकच तुकडा `|` ने जोडून पुन्हा पुन्हा आलेला दिसतो.

ब्झोझोव्स्की यांचीच सिद्धता इथे कामी येते: `|` साठी कंसांची जागा, क्रम आणि पुनरावृत्ती यांकडे दुर्लक्ष केलं, तर वेगवेगळी डेरिव्हेटिव्ह मर्यादितच असतात. अंमलात हे असं करतात: `|` ची घटकयादी सपाट करा, ठरलेल्या क्रमाने लावा, सारखे घटक काढून टाका. हे नोड बनवणाऱ्या फंक्शनमध्येच करा, नंतर वेगळी सफाई म्हणून नको. पण थांबणं म्हणजे किमान होणं नव्हे. वरच्या उदाहरणात आता `(a*)*` आणि `X` अशा दोन स्टेट मिळतात, खरं तर एक पुरते. `(r*)* = r*` आणि `Σ* | r = Σ*` असे आणखी नियम घातले की फरक कमी होतो. हमखास किमान डीएफए हवाच असेल, तर शेवटी मिनिमायझेशन चालवावं लागतंच.

थॉम्पसनच्या बाजूला ही डोकेदुखी नाही. स्टेट म्हणजे आकड्यांचा संच, दोन संच सारखे आहेत की नाहीत यावर वाद नाही. अनावश्यक स्टेट मात्र तिथेही येतात: `(a|b)*ab` ला सबसेट कन्स्ट्रक्शन चार स्टेट देतं, डेरिव्हेटिव्ह तीनच, आणि तीन हेच किमान. एका उदाहरणावरून नियम काढू नये, `(a*)*` आत्ताच उलटं दाखवून गेला.

दुसरी अडचण वर्णसंचाची. युनिकोडमध्ये ११,१४,११२ कोड पॉइंट आहेत, प्रत्येकाने डेरिव्हेटिव्ह घेत बसणं शक्य नाही. उपाय असा की रेगेक्सकडूनच वर्णांचे गट काढायचे: कॉमेंटच्या उदाहरणात तारा, स्लॅश आणि बाकी सगळे, असे तीनच. मग प्रत्येक गटातला एक प्रतिनिधी पुरतो. ओवेन्स, रेपी आणि ट्युरॉन यांच्या २००९ च्या लेखात ही युक्ती नीट मांडली आहे. गट एकमेकांत मिसळताना कधी गरजेपेक्षा जास्त तुकडे पडतात, पण त्याने उत्तर चुकत नाही, थोडं काम वाढतं.

एका बाबतीत दोघेही सारखेच हतबल आहेत. ‘शेवटून दहावं अक्षर `a`’ या पॅटर्नच्या किमान डीएफएलाच १०२४ स्टेट लागतात. अशा वेळी डीएफए पुरा बांधू नका. डेरिव्हेटिव्ह इनपुट वाचता वाचता काढून लक्षात ठेवता येतात, किंवा थॉम्पसनचा एनएफए तसाच चालवता येतो. पॅटर्न वापरकर्ता देणार असेल तर मी दुसरा पर्याय घेईन: तिथे एका अक्षरामागचं काम एनएफएच्या आकाराने बांधलेलं असतं, तर डेरिव्हेटिव्हमध्ये एखादी स्टेटच अवाढव्य रेगेक्स होऊन बसू शकते.