मोडाची कडधान्यं: कच्ची खावीत की वाफवून?

कच्च्या मोडांची बाजू लंगडी नाही. करकरीतपणा, हिरवट गोडवा आणि मोड येताना वाढलेलं क जीवनसत्त्व हे सगळं त्यांच्याकडे आहे. वाफवल्यावर यातलं काही कमी होतं, हे कबूलच. वर्षानुवर्षं कच्चे मोड खाऊन ठणठणीत असलेली माणसंही आपण पाहतो.

तरी मी वाफवण्याकडे वळलो ते एका कटकटीमुळे: कच्चे मोड सुरक्षित आहेत की नाहीत हे घरी ओळखताच येत नाही. बुळबुळीत झालेले, आंबूस वासाचे मोड आपण टाकून देतोच. पण साल्मोनेला किंवा ई. कोलायसारखे जंतू ना वास देतात, ना चव बदलतात. ते बहुतेकदा बियाण्यावरच आलेले असतात, शेतातल्या शेणखतातून किंवा दूषित पाण्यातून. कोरड्या दाण्यावर ते महिनोन्महिने तग धरतात. मग आपण दाणे भिजवतो आणि दमट, उबदार जागी दीड-दोन दिवस ठेवतो. मोडांना जे मानवतं तेच जंतूंनाही मानवतं, आणि मूठभर जंतूंचे लाखो होतात. धुऊन ते पुरते जात नाहीत, कारण ते सालीच्या बारीक भेगांत, कधी कोवळ्या मोडाच्या आतही असतात. फ्रिजमध्ये त्यांची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत. भांडी, हात, पाणी कितीही स्वच्छ ठेवलं तरी बियाण्याबरोबर आलेल्या जंतूंवर त्याचा उपाय नाही.

२०११ मध्ये जर्मनीत हेच घडलं. ई. कोलायच्या एका घातक प्रकाराने ३,८००हून अधिक लोक आजारी पडले, पन्नासच्या वर दगावले, शेकडोंच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला. आधी संशय काकडीवर गेला. शेवटी माग निघाला तो मोडांपर्यंत, आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत.

वाफवायला फार वेळ लागत नाही. पाणी खळखळ उकळू लागल्यावर मूग किंवा मटकी पातळ थरात पसरून सात-आठ मिनिटं वाफवतो. मोड किंचित पारदर्शक दिसतो, दाणा चिमटीत दबतो पण पीठ होत नाही. मधले दाणेही चांगले कढत झालेले हवेत. जाड ढीग असेल तर वरचे शिजतात आणि आतले कोमटच राहतात. हरभऱ्याला जास्त वेळ लागतो. चव मला तरी आवडते, थोडा करकरीतपणाही उरतो.

धडधाकट माणसाने काय करावं हे ज्याचं त्याने ठरवावं. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना मात्र मी कच्चे मोड देणार नाही.

राजम्याला तर पर्यायच नाही. मोड आले तरी त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन उरतंच, आणि थोडेसे कच्चे दाणेही काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब घडवू शकतात. त्याला नुसती वाफ पुरत नाही. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा.