जुन्या भाजल्या जागी फुटलेली जखम: पट्टी चालू ठेवावी की तपासायला तुकडा काढावा?

दोन्ही वाटांनी मी गेलोय, म्हणून लिहितो. १९८७ साली आमच्या मखमलाबादच्या घरी बंबातलं उकळतं पाणी माझ्या डाव्या गुडघ्यामागे सांडलं. तेव्हा कातडी लावली नाही. मलम लावून चार महिन्यांत जखम आपोआप भरली आणि मागे राहिला आखडलेला, चकचकीत व्रण. पस्तीस वर्षं त्याने काही त्रास दिला नाही. २०२२ च्या ऑक्टोबर छाटणीत बागेत उठबस करताना तिथेच चीर पडली, आणि ती भरेचना.

पहिली वाट पट्टीची. दिवसाआड ड्रेसिंग, गोळ्या, पाय वर ठेवून झोपणं. ही वाट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सांध्यावरचा व्रण ताणला की फुटतोच, आणि अशा बहुतेक चिरा साध्या असतात. साखर वाढलेली असेल किंवा शिरा फुगलेल्या असतील, तर आधी त्यांचा बंदोबस्त करणं रास्तच.

मला खटकलं ते वेगळंच. दर वेळी जखमेचा स्वॅब जायचा आणि दर वेळी त्यात कोणता ना कोणता जंतू सापडायचा. की लगेच नवं अँटिबायोटिक. आठवडाभर वास कमी, पाणी कमी, घरात सगळे खूश. मग पुन्हा तेच. असं पाच महिने चाललं. उघड्या जखमेवर जंतू बसणारच, हे मला फार उशिरा उमगलं. जंतू सापडला म्हणजे जखम न भरण्याचं कारण सापडलं असं होत नाही. स्वॅब पेशींबद्दल काही सांगत नाही, आणि खरा प्रश्न पेशींचाच होता.

जुन्या व्रणात क्वचित कॅन्सर उठतो. मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये व्रणातल्या अशा जखमांचं वर्णन केलं, म्हणून त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. भाजल्याच्या व्रणांत हे प्रमाण शंभरात एक-दोन एवढंच सांगतात. आणि कातडी न लावता रखडत भरलेल्या, सांध्यावर सारख्या फुटणाऱ्या व्रणांत धोका जास्त. बहुतेकदा मधे वीस-तीस वर्षं जातात, त्यामुळे जुन्या भाजण्याशी कोणी त्याचा संबंध जोडतच नाही. माझ्या जखमेची कड गोधडीच्या काठासारखी जाड होऊन बाहेर वळली होती, मधलं लाल मांस पट्टी काढताना भळभळायचं आणि वास धुतल्यावरही राहायचा. घरच्यांनी हे सगळं ‘पिकलंय’ या एका शब्दात बसवलं होतं.

दुसरी वाट तुकड्याची, म्हणजे बायोप्सीची. तिच्यातही खोट आहे. माझा पहिला तुकडा जखमेच्या मधोमध, वरवरून घेतला. रिपोर्ट आला: मेलेलं मांस, सूज, कॅन्सर दिसत नाही. आम्ही पेढे आणले! महिन्याभरात कड आणखी वाढली, तेव्हा गंगापूर रोडवरच्या दुसऱ्या सर्जनबाईंनी सांगितलं, “काका, मधे तर सडकंच मिळणार. कडेवरून घ्यायला हवं होतं.” जुन्या जखमेची कातडी नुसत्या चिडण्यानेही कॅन्सरसारखी जाड होते. फरक कळतो तो ती खाली शिरली आहे का यावरून, आणि त्यासाठी तुकडा खोल हवा. बाईंनी जागा बधिर करून कडेच्या चार ठिकाणांहून, थोडी धड कातडी धरून, पाचरीसारखे तुकडे घेतले. बधिर करण्याची सुई मात्र निबर व्रणात चांगलीच झोंबली. बाकी पंधरा मिनिटांचं काम.

“सुरी लागली की पसरतो,” असं माझ्या आत्याने ठासून सांगितलं होतं. बाईंचं म्हणणं, तुकड्याने नाही, थांबल्याने पसरतो. हा कॅन्सर कातडीच्या साध्या कॅन्सरपेक्षा जांघेतल्या गाठींकडे लवकर जातो. आठवड्याने रिपोर्टमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, आला. जांघेची सोनोग्राफी स्वच्छ होती. चहूकडून दोन सेंटिमीटर धड कातडी घेऊन सगळं काढलं आणि मांडीची कातडी तिथे लावली. आणखी थांबलो असतो तर हाडापर्यंत गेलं असतं का, सांगता येत नाही.

तुमची चीर पंधरा दिवसांची असेल, तर पट्टीच करा, मीही तेच करीन. तीन महिने उलटले असतील किंवा कड वळली असेल, तर माझा कौल तुकड्याला, आणि तोही कडेवरून, एकाहून जास्त जागी. लॅबच्या फॉर्मवर ‘भाजल्याचा जुना व्रण, अमुक वर्षं’ एवढं लिहिलंय का ते बघा. माझ्या पहिल्या फॉर्मवर नुसतं ‘पायाची जखम’ लिहिलं होतं.