झेंडू-मोगऱ्याचा हार कापायला गिंप: सात महिने वापरल्यावर

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि घरूनच पत्रिका, पूजेची आमंत्रणं, मंडळांचे फलक करून देते. गेल्या गणपतीच्या आधी गिंप हे फोटो-चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, तेव्हापासून रोज वापरते आहे. पैसे लागत नाहीत, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि मला लागतं त्यातलं बहुतेक सगळं त्यात आहे. सगळ्या सोयींबद्दल लिहीत बसणार नाही. फुलांचा हार फोटोतून सुटा करणं, या एकाच कामात मी सगळ्यात जास्त डोकं आपटलं आणि सगळ्यात जास्त शिकले, म्हणून तेवढंच सांगते.

पहिला हार भाद्रपदात केला. झेंडूच्या माळेत मधे मधे मोगरा आणि आंब्याची पानं. जांभळी नाक्यावरून आणला, घरच्या क्रीम रंगाच्या भिंतीवर खिळ्याला लटकवला आणि फोनने फोटो काढला. मग Free Select घेऊन कडेकडेने पाकळी न् पाकळी कोरायला बसले. दोन तासांत बाहेरची कड झाली. त्यानंतर लक्षात आलं की खरं काम आतच आहे. दोन फुलं जिथे टेकतात तिथे त्यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट राहते, पान आणि दोरा यांच्यामध्ये दुसरी, मोगऱ्याच्या कळ्यांमध्ये तर विचारूच नका. प्रत्येक फटीतून भिंत दिसत होती. Fuzzy Select एका वेळी सलग भागच धरतं, म्हणून Shift दाबून एकेक फट टिचकी मारत जोडत गेले. सत्तरपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. Foreground Select वर फार आशा होती. त्याने मोठे आकार छान धरले, पण फटी बुजवून टाकल्या आणि मोगऱ्याचे अर्धे देठ खाल्ले.

त्या कामाचा शेवटही गमतीदार झाला. फलक गर्द मरून रंगाचा होता. छापून आल्यावर हाराभोवती फिकट रेघ आणि आत ठिकठिकाणी क्रीम रंगाचे ठिपके. पूजा ज्यांच्याकडे होती त्या काकूंनी मात्र समजून घेतलं. "अगं, हाराला बुरशी आली की काय?" एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून कडेने कोरणं बंद केलं. पाकळीची कड शोधायचीच नाही, फूल आणि मागचं कापड कुठल्या रंगात वेगळे पडतात ते शोधायचं. फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तीन आकड्यांचा संच असतो, प्रत्येक आकडा 0 ते 255. मागे भडक निळं कापड असेल तर कापडाचा लाल आकडा अगदी लहान येतो. झेंडूचा लाल आकडा मोठा, आणि पांढऱ्या मोगऱ्याचाही मोठाच, कारण पांढऱ्यात तिन्ही आकडे मोठे असतात. म्हणजे नुसती लाल वाहिनी, म्हणजे फक्त लाल आकडे, राखाडी चित्र म्हणून पाहिली तर फुलं पांढरी, कापड काळं आणि सत्तरच्या सत्तर फटी आपोआप काळ्या. थरावरच्या मुखवट्याला, म्हणजे लेयर मास्कला, हेच तर हवं असतं. पांढरं तिथे दिसेल, काळं तिथे झाकलं जाईल, राखाडी तिथे अर्धं.

अडतं ते पानांपाशी. पानाचा लाल आकडाही लहान असतो, त्यामुळे पान कापडासोबत काळोखात जातं. पण पानात निळंही कमी असतं आणि कापडात भरपूर, म्हणून निळी वाहिनी उलटी केली की पान उजळ होतं. दोन्ही एकत्र करून प्रत्येक ठिकाणी जे उजळ असेल ते घेतलं की फुलं, कळ्या, पानं सगळं येतं.

मागच्या महिन्यात एका साखरपुड्याच्या पत्रिकेसाठी केलेल्या हाराचे आकडे सांगते. झेंडूचा लाल साधारण 240, निळा 20. मोगऱ्याचे तिन्ही 230 च्या आसपास. पानाचा लाल 60, निळा 50. कापडाचा लाल 30, निळा 190. उलट्या निळ्यात झेंडू 235, पान 205, मोगरा 25 आणि कापड 65. आता लाल आणि उलटा निळा यांतलं मोठं घेतलं की झेंडू 240, मोगरा 230, पान 205, आणि कापड फक्त 65. पानाच्या 205 आणि कापडाच्या 65 मध्ये भरपूर जागा आहे, आणि सगळं काम त्या जागेतच होतं.

गिंपमध्ये हे असं करते. Colors > Components > Decompose उघडून RGB निवडायचं आणि Decompose to layers ला खूण ठेवायची. तीन राखाडी थरांचं वेगळं चित्र तयार होतं. हिरवा थर झाकायचा. निळ्यावर Colors > Invert मारायचं, तो लालच्या वर ठेवायचा आणि त्याचा मोड Lighten only करायचा. मग Edit > Copy Visible. मूळ फोटोवर परत येऊन थराला मास्क जोडायचा, मास्कवर टिचकी मारून Ctrl+V करायचं आणि तरंगती निवड Ctrl+H ने बसवायची. मास्कऐवजी चुकून चित्रच निवडलेलं असेल तर राखाडी चित्र फुलांवरच येऊन बसतं. आजही आठवड्यातून एकदा माझं हे होतं.

मग मास्कवर Colors > Levels. या हाराला काळ्याचं टोक 85 वर आणि पांढऱ्याचं 185 वर ठेवलं, म्हणजे 85 च्या खालचं सगळं काळं आणि 185 च्या वरचं सगळं पांढरं. इथे हावरटपणा करायचा नाही. दोन टोकं जवळजवळ आणली की फटी कडक काळ्या होतात खऱ्या, पण पाकळीची कड करवतीसारखी दातेरी होते. मधला राखाडी पट्टा ठिपका-दीड ठिपका तरी उरायलाच हवा, पाकळीचं पातळपण त्याच्यामुळेच दिसतं. तपासण्यासाठी खाली भडक गुलाबी थर ठेवते. फट राहिली असेल तर त्यात निळं दिसतं, फूल अर्धवट पारदर्शक झालं असेल तर ते गुलाबी मारतं. सावलीतला मोगरा नेहमी तसा निघतो, कारण तो राखाडी असतो, दोन्ही वाहिन्यांत 120-130 च्या घरात. तेवढ्या कळ्यांच्या पोटात मास्कवर हाताने पांढरा ब्रश मारते, कडेला हात लावत नाही.

हे सगळं जमायचं की नाही ते फोटो काढतानाच ठरतं, आणि माझे सुरुवातीचे दोन महिने हेच न कळल्यामुळे वाया गेले. हार कापडाला टेकवून लावला की त्याची सावली कापडावर पडते. सावलीत कापडाचा निळा 190 वरून 100 पर्यंत उतरतो, म्हणजे उलट्या निळ्यात तो 155 होतो आणि सावली पानांसोबत हारात येऊन बसते. आता गॅलरीत कपडे वाळवायच्या दोरीला हार टांगते आणि कापड त्याच्या हातभर मागे लावते. कापड साधं सुती हवं. पहिल्यांदा साटीनचा ब्लाउजपीस वापरला होता, त्याची निळी झाक सगळ्या मोगऱ्यावर उतरली. फुलवाले पाणी शिंपडून देतात ते थेंबही टिपून घ्यायचे, प्रत्येक थेंबात निळं कापड चमकतं. आणि हे सकाळीच उरकायचं, दुपारनंतर मोगरा पिवळा पडायला लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फोटोची फाइल. बहुतेक वेळा जेपेग साठवताना उजेड पूर्ण बारकाईने ठेवला जातो, पण रंग आडवे-उभे निम्म्याच बारकाईने. डोळ्याला ते कळत नाही. वाहिन्या सुट्या केल्या की मात्र पाकळीच्या कडेला पायऱ्या दिसतात, निळ्या वाहिनीत सगळ्यात जास्त. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या फोटोत तर कड सापडतच नाही, असे फोटो मी आता सरळ परत पाठवते. माझा उपाय साधा आहे. पत्रिकेत हार ज्या मापाचा लागणार त्याच्या दुप्पट मापात कापायचा आणि शेवटी निम्मा करायचा. पायऱ्या बऱ्याच विरून जातात.

मास्क नीट झाला तरी कडेच्या ठिपक्यांत कापडाचा निळा मिसळलेलाच असतो. काकूंना दिसलेली बुरशी ती हीच, तेव्हा फक्त क्रीम रंगाची होती. मास्क कमी करून ती जात नाही, आधी पाकळ्याच बारीक होतात. मी थराची प्रत करून तिच्यावर मास्क लागू करते, मग पारदर्शकपणा गोठवणारं Lock alpha channel लावते आणि ब्रशचा मोड HSL Color ठेवून कडेवरून फिरवते. झेंडूच्या कडेला झेंडूचाच रंग उचलून, मोगऱ्याच्या कडेला राखाडी. उजेड-सावली तशीच राहते, रंग तेवढा बदलतो. वीस मिनिटं जातात, पण छापल्यावर फरक दिसतो. शेवटी फाइल पीएनजीच करायची, जेपेगला पारदर्शकपणा ठाऊक नाही.

खटकलं काय? मोठ्या फोटोवर Foreground Select माझ्या लॅपटॉपला धाप लावतं, म्हणून मी ते वापरणंच सोडलं. वाहिन्या एकत्र करून मास्कमध्ये चिकटवण्याचा द्राविडी प्राणायाम दर वेळी करावा लागतो. सुरुवातीपासून मोजलं तर एका हाराला आता पाऊण तास लागतो, पहिल्याला दोन दिवस लागले होते.

पाडव्याला रांगोळीवरही हे करून पाहिलं. आमच्या मजल्यावरची फरशी क्रीम, तिच्यावर पांढरी रांगोळी कुठल्याच वाहिनीत सुटत नाही. शेजारच्या वहिनींनी गेरूचा चौकोन सारवून त्यावर काढली होती, तिथे मात्र निळी वाहिनी न उलटता कामाला आली. गेरूत निळं जेमतेम 40, पांढऱ्यात 230. पिवळा त्यात बुडाला, तो हिरव्या वाहिनीतून काढला. Levels हारापेक्षा सैल ठेवलं, नाहीतर रेघेच्या कडेचे सांडलेले कण गायब होतात आणि रांगोळी स्टिकरसारखी दिसते. अडले ते कुंकवाच्या लाल रंगाने भरलेल्या कमळापाशी. गेरू आणि तो लाल तिन्ही वाहिन्यांत इतके जवळ होते की सोळाच्या सोळा पाकळ्या पाथ टाकून हाताने कोराव्या लागल्या.

वहिनींना म्हटलं, पुढच्या वेळी कमळ जांभळं भरा. "जांभळं कमळ कुठे बघितलंस गं?" शेवटी गुलाबीवर तडजोड झाली. त्यात लालही भरपूर आणि निळाही बऱ्यापैकी, माझं भागेल.