प्रबंधातले लांब वाक्य: दुरुस्त करावे, तोडावे की नव्याने मांडावे?

भूगोल किंवा भूजलशास्त्रातला प्रबंध मराठीत लिहिला की तो मार्गदर्शकांच्या पलीकडेही वाचला जातो. कृषी अधिकारी वाचतात, गावच्या पाणी समितीतले लोक वाचतात, अर्थशास्त्राचे प्राध्यापकही वाचतात. पुढचे वाक्य मी अशा प्रबंधांच्या धाटणीत, उदाहरणासाठी तयार केले आहे:

«अभ्यासक्षेत्रातील बेसाल्ट प्रवाहांच्या वरच्या भागात आढळणाऱ्या, दुय्यम खनिजांनी अंशतः भरलेल्या पोकळ्या असलेल्या मांजऱ्या खडकाची विदारणामुळे वाढलेली जलधारणक्षमता त्याखालील विरळ सांधे असलेल्या घट्ट बेसाल्टपेक्षा अधिक असल्यामुळे, ज्या विहिरी मुख्यतः घट्ट बेसाल्टमध्ये खोदलेल्या आहेत त्यांची पाणीपातळी पावसाळ्यानंतर तुलनेने लवकर खालावते असे जे निरीक्षण नोंदवण्यात आले ते उपरोक्त फरकाशी सुसंगत आहे.»

शब्द 48. पण अडचण फक्त लांबीची नाही. मराठीत ‘-णारा’, ‘-लेला’, ‘असलेला’ ही विशेषणे नामाच्या आधी येतात. त्यामुळे ‘आढळणाऱ्या’ आणि ‘असलेल्या’ हे कशाचे वर्णन आहे ते वाचकाला ‘खडकाची’ या चौदाव्या शब्दाशी कळते. ‘-मुळे’चेही तसेच. आतापर्यंत वाचले ते कारण होते, हे पंचविसाव्या शब्दाला उमगते. ज्याला मांजऱ्या खडक रोजचा आहे तो एवढे पेलतो. बाहेरच्या वाचकाला मात्र अनोळखी शब्द आणि अधांतरी वर्णने एकाच वेळी धरून ठेवावी लागतात.

यावर तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे वाक्य एकच ठेवून आतली रचना उलगडायची. विशेषणांची माळ काढून ‘जो–तो’ आणायचे: «बेसाल्ट प्रवाहांच्या वरच्या भागात जो मांजऱ्या खडक आढळतो, त्याच्या पोकळ्या दुय्यम खनिजांनी अंशतः भरलेल्या असल्या, तरी विदारणामुळे त्याची जलधारणक्षमता वाढलेली आहे, आणि ती खालच्या घट्ट बेसाल्टपेक्षा अधिक असल्यामुळे…» आता नाम लवकर हाती लागते आणि क्रियापद जवळ येते. तज्ज्ञ वाचकाला एवढे पुरते. अर्थ सांडण्याचा धोकाही इथे सर्वांत कमी. पण ‘मांजऱ्या’, ‘विदारण’, ‘सांधे’ समजावायला या वाक्यात जागाच नाही.

दुसरा मार्ग झटपट वाटतो: प्रत्येक क्रियापदाशी पूर्णविराम. «अभ्यासक्षेत्रात मांजऱ्या खडक आढळतो. त्यात पोकळ्या असतात. त्या दुय्यम खनिजांनी भरलेल्या आहेत. त्याखाली घट्ट बेसाल्ट आहे. त्याचे विदारण झाले आहे. त्याची जलधारणक्षमता अधिक आहे. विहिरींची पातळी लवकर खालावते.» वाक्ये छोटी आणि सोपी दिसतात, पण मजकूर आता चुकीचा आहे. खडक पुल्लिंगी, थर पुल्लिंगी, आणि बेसाल्टही आपण पुल्लिंगीच धरतो. त्यामुळे ‘त्याचे विदारण’ हे शेवटी नाव घेतलेल्या घट्ट बेसाल्टला जाऊन चिकटले. ज्या थरात पाणी कमी मावते त्यातच ते जास्त मावते, असे वाचक समजेल. शिवाय ‘अंशतः’ गळाले, ‘मुख्यतः’ गळाले, कारणाचा दुवाही गेला. असे शब्द कर्त्याला किंवा क्रियापदाला बांधलेले नसतात, म्हणून वाक्य कापताना ते आधी पडतात. प्रबंधाच्या दाव्याची मर्यादा मात्र त्यांच्यातच असते.

तिसऱ्या मार्गात तोडण्याआधी क्रम बदलायचा. मूळ वाक्यातली विधाने एकेका ओळीत उतरवायची, आणि बाहेरच्या माणसाला कोणते आधी कळायला हवे ते ठरवायचे. इथे तो माणूस विहीर ओळखतो, खडक नाही. म्हणून सुरुवात विहिरीपासून:

«या भागातल्या काही विहिरींचे पाणी पावसाळ्यानंतर मांजऱ्या खडकातल्या विहिरींपेक्षा लवकर उतरते. या विहिरी मुख्यतः घट्ट बेसाल्टमध्ये खोदलेल्या आहेत. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी प्रामुख्याने भेगांत साठते. या भेगांना सांधे म्हणतात, आणि इथे ते विरळ आहेत. घट्ट बेसाल्टच्या वर मांजऱ्या खडकाचा थर आहे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून ज्यात बारीक पोकळ्या राहिल्या, तो बेसाल्ट म्हणजे मांजऱ्या. या पोकळ्या नंतर तयार झालेल्या खनिजांनी अंशतः भरल्या आहेत. तरीही ऊनपावसाने मांजऱ्या खडक झिजून मोकळा झाल्यामुळे, म्हणजेच त्याचे विदारण झाल्यामुळे, त्यात घट्ट बेसाल्टपेक्षा जास्त पाणी मावते. विहिरींच्या पातळीतला फरक थरांमधल्या या फरकाशी जुळतो.»

बहुतेक वाक्ये आधी आलेल्या ओळखीच्या गोष्टीला धरून सुरू होतात: विहिरी, मग घट्ट बेसाल्ट, मग भेगा. जिथे ‘तो’ फसवेल तिथे नाव पुन्हा घेतले आहे. हा पुनरुक्तीचा दोष नाही, ती इथली गरज आहे. मजकूर जवळपास दुप्पट झाला, ही या मार्गाची खरी किंमत. शब्दमर्यादा असलेल्या सारांशात ती परवडत नाही. तिथे पोकळ्यांची दोन वाक्ये आणि त्यांच्या पुढचे ‘तरीही’ गाळावे, कारण विहिरीचा मुद्दा त्यांच्यावाचून उभा राहतो.

या मार्गात आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. मूळ वाक्य मध्ये ‘असल्यामुळे’ म्हणते, म्हणजे थरांमधला फरक हे कारण. शेवटी ते ‘सुसंगत आहे’ म्हणते, म्हणजे नुसते जुळते, सिद्ध झालेले नाही. एकाच वाक्यात दोन वेगळ्या ताकदीचे दावे आहेत. 48 शब्दांच्या गुंत्यात ते लिहिणाऱ्यालाही दिसत नाहीत, आणि पहिला मार्ग ते तसेच झाकलेले ठेवतो. शेवटचे वाक्य स्वतंत्र लिहायला घेतले की मात्र ठरवावेच लागते. मी वर ‘जुळतो’ निवडले, कारण उपसा किती होतो याचा हिशेब वाक्यात कुठेच नाही, आणि जास्त उपशानेही पातळी उतरते. ‘तुलनेने’ या शब्दाचेही तसेच. कशाच्या तुलनेने, ते मूळ वाक्यात नाही. मी मांजऱ्या खडकातल्या विहिरी गृहीत धरल्या, पण खऱ्या प्रबंधात हे संशोधकाला विचारूनच लिहावे.

तरी तिसरा मार्ग सगळीकडे लावू नये. संशोधनपद्धतीच्या प्रकरणातले हे वाक्य पाहा: «ज्या विहिरींची किमान दोनदा मोजणी झाली आणि मोजणीच्या दिवशी ज्यांतून उपसा झाला नव्हता, त्याच विहिरी नमुन्यात घेतल्या.» हे तोडून «विहिरींची दोनदा मोजणी झाली. त्या दिवशी उपसा झाला नव्हता.» असे केले, तर निवडीच्या अटी सगळ्या विहिरींबद्दलची माहिती होऊन बसतात. अट आणि व्याख्या एकाच वाक्यात राहिली पाहिजे. तिथे पहिला मार्गच योग्य. अटी तीन-चारच्या पुढे गेल्या तर क्रमांक देऊन खालोखाल लिहाव्यात.

माझी निवड अशी: प्रस्तावना, निष्कर्ष आणि शिफारशींसाठी तिसरा मार्ग, पद्धती आणि व्याख्यांसाठी पहिला. दुसरा छापील प्रतीत कधीच नको. कच्च्या कागदावर विधाने सुटी करून पाहायला तो चालतो, कारण तिसऱ्याची सुरुवात तिथूनच होते. वेळ थोडा असेल तर आधी प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद घ्यावा.

जमले की नाही ते तपासताना परिच्छेद वाचायला देऊन «कळले का?» असे विचारू नका, बहुतेक जण हो म्हणतात. कागद उलटा ठेवून विचारा: कोणत्या विहिरीचे पाणी आधी उतरेल, आणि वरच्या थरात जास्त पाणी कशामुळे मावते? उत्तरात «पोकळ्यांमुळे» आले, तर ‘तरीही’ने सुरू होणारे वाक्य अजून नीट बसलेले नाही. ते पुन्हा लिहा.