नाशिकरोडहून शालिमारला डायलिसिसला: जाताना एक वाहन, येताना दुसरं

डायलिसिस आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी साधारण 4 तास. म्हणजे आठवड्याला 6 फेऱ्या, आणि त्या थांबत नाहीत. सुरुवातीला घरचे लोक बहुतेक एकच प्रश्न विचारतात, की बस बरी, शेअर रिक्षा बरी की स्पेशल? पण जाणारा पेशंट आणि परत येणारा पेशंट यांच्या शरीराची स्थिती वेगळी असते. म्हणून दोन्ही फेऱ्यांचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

जाताना अंगात पाणी साठलेलं असतं. जिना चढताना किंवा भराभर चालताना दम लागतो, पाय जड होतात. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी पाळी असेल, तर शुक्रवार ते सोमवार हे अंतर सगळ्यात मोठं, आणि सोमवारी सकाळचा त्रास सगळ्यात जास्त. येताना उलट होतं. पाणी काढलेलं असतं, बीपी खाली आलेलं असू शकतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. थोडक्यात, जाताना चालणं आणि पायऱ्या टाळायच्या, येताना उभं राहणं आणि ताटकळणं टाळायचं.

आता एक उदाहरण घेऊ. घर नाशिकरोडला, बिटको चौकाजवळ. केंद्र शालिमारला, संदर्भ सेवा रुग्णालयाच्या परिसरात. पाळी सकाळी 7 ची. वजन, बीपी आणि फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात साबणाने धुणं यासाठी 20 मिनिटं धरली, तर 6:40 ला आत असायला हवं. उशिरा पोचलात तर तोटा तुमचाच. त्याच मशीनवर पुढच्या पाळीचा पेशंट ठरलेला असतो, म्हणून तुमचे 4 तास कापून साडेतीनवर येऊ शकतात.

सिटीलिंक बस. सकाळच्या जाण्यासाठी ही चांगली आहे, एका अटीवर: बस जिथून सुटते तिथेच बसायचं. नाशिकरोडच्या थांब्यावर बस रिकामी उभी असते, सीट मिळते, सावकाश चढता येतं. त्या वेळी वाटेतल्या द्वारका चौकातही अजून गर्दी झालेली नसते. उपनगर किंवा गांधीनगरला राहणाऱ्याला मात्र मधल्या थांब्यावर बस मिळते, आणि ती भरलेली असू शकते. बस अ‍ॅपवर कुठे आहे ते पाहून घरातून निघालात तर थांब्यावर उभं राहणं वाचतं.

अडचण येते ती परतीला. निमाणीहून नाशिकरोडला जाणाऱ्या बसला शालिमार हा मधला थांबा. साडेअकराच्या सुमारास बस भरून येते आणि नुकतंच डायलिसिस झालेला माणूस दांडा धरून उभा राहतो. त्यातही बहुतेकांचा फिस्टुला डाव्या हाताला असतो. वरचा दांडा धरायला तो हात वापरायचा नाही, त्याच्यावर कोणाचं कोपर, पिशवी आदळू द्यायची नाही, आणि सुईच्या जागेतून पुन्हा रक्त आलं तर चालत्या बसमध्ये ती दाबून धरणंही अवघड. म्हणून परतीला बस नको, सीट मिळण्याची खात्री असली तरच अपवाद.

शेअर रिक्षा. स्वस्त, पण ती भरल्याशिवाय निघत नाही. सकाळी सव्वासहाला तिसरा प्रवासी येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं हातातून जातात. मागे तिघांत मधली जागा मिळाली तर फिस्टुलाचा हात चेपला जातो. काही रिक्षा द्वारकेपर्यंतच असतात आणि तिथून दुसरी पकडावी लागते. द्वारकेला मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांना छेदतात. चौक रुंद आहे, वाहनं चारी बाजूंनी येतात. धापा टाकणाऱ्या किंवा चक्कर येणाऱ्या माणसाने तिथे वाहन बदलू नये, हे आमचं ठाम मत. शेअर रिक्षा घ्यायचीच तर बसण्याआधी "थेट शालिमार का?" असं विचारून घ्या.

स्पेशल रिक्षा. दारातून गेटपर्यंत, चालणं जवळपास नाही. रोज नवी शोधण्यापेक्षा गल्लीतल्या ओळखीच्या रिक्षावाल्या दादांशी महिन्याचं बोलून ठेवलेलं बरं. बोलताना तीन गोष्टी स्पष्ट करा: कोणत्या गेटला यायचं, थांबावं लागलं तर किती मिनिटांनंतर किती जादा, आणि ते येऊ शकले नाहीत तर दुसरं कोण येणार.

परतीची वेळ इथे सगळ्यात जास्त चुकते. 7 ला मशीनवर घेतलं म्हणून 11 ला बाहेर, असा हिशेब कोणी धरतं आणि दादा 11 ला येऊन उभे राहतात. प्रत्यक्षात 11 ला मशीन बंद होतं. मग सुया काढून ती जागा 10-15 मिनिटं दाबून धरायची, वजन करायचं, उभं राहून बीपी बघायचं. बीपी कमी आलं तर अजून थोडं बसवतात. साडेअकरा ही खरी वेळ, तीही सगळं सुरळीत झालं तर. म्हणून फोन सुया काढल्यावर, रक्त थांबलंय याची खात्री झाल्यावरच करा. मग पेशंट आत खुर्चीत बसून वाट बघतो, गेटवर उभा राहून नाही. शालिमारच्या बाजारात रिक्षा फार वेळ उभी करू देत नाहीत, त्यासाठीही हेच सोयीचं.

अ‍ॅपवरची रिक्षा किंवा कॅब परतीला चालते, पहाटे तिच्या भरवशावर राहू नका; स्वीकारलेली फेरी ऐन वेळी रद्द झाली तर पाळी हातची जाते. पत्त्याची खूण गेटवर स्वतः सरकवा, नाहीतर गाडी रस्त्याच्या पलीकडे येते आणि पेशंटला रस्ता ओलांडावा लागतो.

मुलाच्या किंवा पुतण्याच्या दुचाकीमागे बसून जाणं सकाळी काहींना जमतं. येताना मात्र नको. चक्कर आली तर मागच्या माणसाला धरणारं कोणी नसतं, आणि जांघेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी असेल तर दोन्ही वेळी टाळावं. 108 ची रुग्णवाहिका तातडीच्या प्रसंगासाठी आहे, ठरलेल्या डायलिसिसच्या ने-आणीसाठी नाही. पण घरीच श्वास कोंडला, आडवं होता येईना, तर रिक्षा शोधत बसू नका, तेव्हा 108 च लावा.

या उदाहरणासाठी आम्ही असं सुचवू: बुधवारी आणि शुक्रवारी जाताना नाशिकरोडहून सुटणारी बस, सोमवारी जाताना स्पेशल, आणि तिन्ही दिवस परतीला स्पेशल. म्हणजे 6 पैकी 4 फेऱ्या रिक्षाच्या, 2 बसच्या. खर्च सगळ्या फेऱ्या स्पेशल करण्यापेक्षा कमी, आणि त्रासाचे क्षण टळतात. वजन दोन पाळ्यांच्या मध्ये फार वाढत असेल किंवा चार पावलांत धाप लागत असेल, तर बस पूर्ण सोडा आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगा.

पाळी निवडता येत असेल तर तिचाही विचार करा. दुपारी 12 ची पाळी असेल तर परतीला साडेचार-पाच वाजतात, संध्याकाळची द्वारकेची कोंडी सुरू होण्याच्या आत घरी पोचता येतं. संध्याकाळच्या पाळीला सुटेपर्यंत रात्र होते, बस विरळ होतात. ती घ्यायची तर घ्यायला येणारं वाहन आधी नक्की करा.

शेवटची पन्नास पावलं बरेचदा कोणी मोजत नाही. पहिल्याच फेरीला सिस्टरांना विचारा, की डायलिसिस कोणत्या मजल्यावर, लिफ्टला कोणतं गेट जवळ, व्हीलचेअर कुठे मिळते, वीज गेली तर उतार आहे का. गेट चुकलं की दारापर्यंत रिक्षा आणूनही पेशंटला आवार ओलांडून चालावं लागतं. गणेश विसर्जनाच्या दिवशी जुन्या नाशकातले रस्ते बंद असतात. त्या आठवड्याची पाळी बदलून द्या, असं केंद्राला आधीच सांगून ठेवा.